ठरवलेल्या भावाला शेअर: रोख राखून पुट विकण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

कंपनी आवडलेली असते, पण तिचा भाव आवडत नाही. अशा वेळी बहुतेक गुंतवणूकदार मनात एक आकडा धरतात आणि थांबतात. थोडे शिस्तीचे असतील ते तो आकडा ब्रोकरच्या ॲपमध्ये जीटीटी ऑर्डर म्हणून टाकून ठेवतात: भाव खाली आला तर खरेदी होईल, नाही आला तर पैसे जिथे आहेत तिथेच. या पुस्तकाचा विषय याच दोघांच्या शेजारची तिसरी वाट आहे. त्या आकड्याला शेअर घेण्याची हमी तुम्ही बाजारात कुणाला तरी द्यायची, हमीबद्दल आज पैसे घ्यायचे, आणि हमी पाळायची वेळ आली तर लागणारी पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवायची.

हमी देणं म्हणजे पुट विकणं. पुट घेणाऱ्याला ठरावीक तारखेला, ठरावीक भावाला तुम्हाला शेअर विकण्याचा हक्क मिळतो. त्या भावाला स्ट्राइक म्हणतात आणि हक्काच्या किमतीला प्रीमियम. जमिनीच्या व्यवहारात घेणारा विसार देतो आणि सौदा पक्का करतो. इथे सगळं उलटं आहे. विसार घेणारे तुम्ही, आणि सौदा पुरा करायचा की सोडून द्यायचा हे मात्र समोरच्याच्या हातात. या एका उलटेपणातून या विषयातले जवळपास सगळे फायदे आणि सगळे अपघात निघतात, म्हणून नव्या वाचकाने तो आधी नीट पाहून घ्यावा.

या विषयावरचं बरंचसं लेखन प्रीमियमपासून सुरू होतं: महिन्याला किती टक्के सुटतात, वर्षाला किती होतात. मला तो क्रम चुकीचा वाटतो. प्रीमियम हे या व्यवहाराचं सर्वांत सोपं अंग आहे. पुट विकलं की तो जमा होतो, त्यात कौशल्य काही नाही. कस लागतो तो एक्सपायरीच्या आठवड्यात, जेव्हा शेअर तुमच्या स्ट्राइकखाली उभा असतो आणि डिलिव्हरी उचलायची वेळ येते. हे अंगावर येणं, म्हणजे असाइनमेंट, ज्याने आधी आखलं नाही त्याची योजनाच नव्हती. म्हणून ही प्रस्तावना असाइनमेंटच्या बाजूने विषयात शिरते.

थोडा इतिहास गरजेचा आहे, कारण आजची भारतीय पद्धत अगदी अलीकडची आहे. ऑप्शनचे सौदे आपल्याकडे परदेशातून आले असा समज आहे. प्रत्यक्षात १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याने ऑप्शनची व्याख्या करताना पुट आणि कॉल यांच्याबरोबर तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे मुंबईच्या बाजारातले शब्दही घातले होते. मंदी म्हणजेच आजचं पुट. पण व्याख्या करून त्याच कायद्याने हे सौदे बंदही केले, आणि ती बंदी १९९५ मध्ये उठली. राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, निवडक शेअर्सचे ऑप्शन सुरू झाले ते जुलै २००१ मध्ये. तेव्हा ते अमेरिकी पद्धतीचे होते, म्हणजे मुदतीआधी कधीही हक्क बजावता येई. २०११ पासून ते युरोपीय पद्धतीचे झाले, म्हणजे हक्क फक्त एक्सपायरीच्या दिवशी.

आपल्या विषयाला खरा जन्म मिळाला तो त्यानंतर. सेबीच्या २०१८ च्या परिपत्रकानंतर शेअर्सच्या डेरिव्हेटिव्हमध्ये टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष डिलिव्हरी सक्तीची झाली, आणि ऑक्टोबर २०१९ पर्यंत सगळेच शेअर त्याखाली आले. त्याआधी पुट विकणाऱ्याकडे शेअर येतच नसे. स्ट्राइक १४०० आणि बंद भाव १३६२ असेल तर ३८ रुपये फरक भरायचा आणि मोकळं व्हायचं. शेअर हवाच असेल तर तो बाजारातून वेगळा घ्यायचा. म्हणजे 'कमी भावात शेअर घेण्यासाठी पुट विकणं' हे वाक्य भारतात २०१८ पूर्वी फारतर अर्धं खरं होतं. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये आजही फरकाचेच पैसे फिरतात, कारण निर्देशांकाची डिलिव्हरी देता येत नाही. या पुस्तकात निफ्टीचा विचार नाही, तो एवढ्यासाठीच.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण प्रमाण बाजारातलंच आहे. एका मोठ्या, कर्जमुक्त आयटी कंपनीचा शेअर १५०० रुपयांना आहे. तुमच्या हिशेबाने तो १४०० च्या आसपास घेण्याजोगा आहे. ऑप्शनचा लॉट ४०० शेअरचा. एक्सपायरी साधारण पाच आठवड्यांवर, महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी. सप्टेंबर २०२५ पासून एनएसईने ती गुरुवारवरून मंगळवारी आणली आहे. मधे तिमाही निकाल आहेत. १४०० चं पुट १४ रुपयांना आहे. एक लॉट विकला की ५,६०० रुपये मिळतात. हमी पाळायला लागणारी रक्कम १४०० गुणिले ४००, म्हणजे ५ लाख ६० हजार. प्रीमियम या रकमेच्या बरोबर एक टक्का झाला. शेअर अंगावर आला तर तो तुम्हाला १४०० उणे १४, म्हणजे १३८६ रुपयांना पडेल.

इथेच पहिला मोह आहे. एक्स्चेंज हे पुट विकण्यासाठी तुमच्याकडे ५ लाख ६० हजार मागतच नाही. ते मार्जिन मागतं, आणि अशा पुटाला ते साधारण एक लाखाच्या घरात असतं. आपल्याकडे 'रोख राखून विकलेलं पुट' असा खात्याचा वेगळा प्रकारच नाही. तुमच्याकडे पूर्ण रक्कम आहे की फक्त मार्जिन आहे, हे ॲपच्या पडद्यावर सारखंच दिसतं. म्हणजे ही शिस्त तुमची तुम्हालाच पाळावी लागते. तेवढ्याच पैशात पाच लॉट विकता येतात, प्रीमियम २८,००० मिळतो, आणि महिन्याला पाच टक्के सुटल्याचा आनंद होतो. पण पाच लॉट म्हणजे २८ लाखांची हमी आहे. शेअर १४०० खाली गेला की त्या माणसाला शेअर घेणं शक्यच नसतं. त्याला तोटा सोसून बाहेर पडावंच लागतं, आणि तेही नेमकं घाबरलेल्या बाजारात. सेबीच्या २०२४ च्या पाहणीत आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. त्यातले सगळे पुट विकणारे नव्हते, पण खिशापेक्षा मोठी हमी देण्याची सवय त्या आकड्यामागे काही अंशी असावी.

पूर्ण रक्कम बाजूला ठेवली की मधल्या आठवड्यांत झोप लागते, हा तिचा पहिला उपयोग. समजा तिसऱ्या आठवड्यात निकाल बरे आले नाहीत आणि शेअर एकदम १३०० वर आला. १४ रुपयांचं पुट आता ११० च्या आसपास दिसेल. पडद्यावर ३८,४०० रुपयांचा तोटा लाल अक्षरात येईल, आणि मार्जिनही वाढलेलं असेल. ज्याच्याकडे फक्त मार्जिन होतं त्याला ब्रोकरचा मेसेज येतो: पैसे भरा, नाहीतर आम्ही सौदा कापू. ज्याच्याकडे ५ लाख ६० हजार आहेत त्याला काहीच करावं लागत नाही, कारण युरोपीय पद्धतीत मुदतीआधी कुणी शेअर त्याच्या गळ्यात मारू शकत नाही. अमेरिकेत ही सोय नाही. तिथले शेअर ऑप्शन अमेरिकी पद्धतीचे असल्यामुळे खोल गेलेलं पुट मुदतीआधीही अंगावर येऊ शकतं, आणि कोणाच्या अंगावर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. अमेरिकेत राहून तिथल्या खात्यातून हे करणाऱ्या मराठी वाचकांनी एवढा फरक ध्यानात ठेवावा. रोख रक्कम त्यांना कोणत्याही दिवशी हजर लागते.

भारतात ती एका ठरलेल्या दिवशी हजर लागते, आणि तोपर्यंत ती रिकामी बसू नये हे ओघानेच आलं. बहुतेक जण ती लिक्विड फंडात ठेवतात आणि फंडाची युनिट्स तारण ठेवून त्यातूनच मार्जिन भागवतात. लिक्विड फंड आणि सरकारी रोखे मार्जिनसाठी रोखीच्या बरोबरीने धरले जातात, म्हणून हे जमतं. पण तारण ठेवलेलं युनिट म्हणजे डिलिव्हरीचे पैसे नव्हेत. मंगळवारच्या एक्सपायरीसाठी युनिट तारणातून सोडवायला एक दिवस, फंड विकल्यावर पैसे बँकेत यायला कामकाजाचा एक दिवस, तिथून ब्रोकरकडे पाठवायचे, आणि मधे शनिवार-रविवार. हे सगळं मागे मोजत आलात की निर्णय आधीच्या बुधवारी किंवा गुरुवारी घ्यावा लागतो असं दिसेल. सोमवारी दुपारी जाग आलेल्या माणसाकडे पैसे असूनही नसतात. अनेक ब्रोकर तर एक्सपायरीच्या आधीच पूर्ण रक्कम खात्यात आहे का हे तपासतात, आणि नसेल तर स्वतःहून पोझिशन बंद करतात. आपल्या ब्रोकरचा हा नियम पुट विकण्याआधी वाचावा, नंतर नाही. मी पाहिलेल्या बिघडलेल्या सौद्यांत अंदाज चुकल्यापेक्षा पैसे एक दिवस उशिरा पोचल्याचे प्रकार जास्त होते.

एक्सपायरीच्या मंगळवारी काय होतं ते जवळून पाहू. इन द मनी असलेलं प्रत्येक पुट आपोआप बजावलं जातं. घेणाऱ्याने काही कळवावं लागत नाही आणि 'मला नको' म्हणण्याची सोयही आता नाही. म्हणून १४०० खाली बंद झालेल्या शेअरवर १४०० चं पुट उघडं ठेवणारा प्रत्येक विक्रेता शेअर घेतोच. त्यात नशिबाचा भाग उरत नाही. मात्र 'बंद झाला' म्हणजे पडद्यावरचा शेवटचा सौदा नव्हे. रूढ पद्धतीत बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून निघतो, आणि तो काढण्याची रीत एक्स्चेंज वेळोवेळी सुधारत असतं. साडेतीनला शेअर १४०२ वर पाहून 'सुटलो' म्हणणाऱ्याला संध्याकाळी सरासरी १३९९ लागल्याचं कळतं. त्याच्या खात्यातून ५ लाख ६० हजार जातात. भाव स्ट्राइकच्या चार-पाच रुपयांत घोटाळत असेल तर दोन्ही निकालांची तयारी ठेवायची किंवा दुपारीच पुट परत घेऊन टाकायचं, एवढे दोनच मार्ग आहेत.

आपल्या उदाहरणात बंद भाव १३६२ लागला असं धरू. रात्री येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर १४०० रुपये भावाने ४०० शेअरची खरेदी असेल. ५ लाख ६० हजारांवर डिलिव्हरीचा एसटीटी ०.१ टक्का, म्हणजे ५६० रुपये. मुद्रांक शुल्क, आणि प्रत्यक्ष डिलिव्हरीसाठी ब्रोकर लावतो ती दलाली, जी काही ठिकाणी नेहमीच्या शेअर खरेदीपेक्षा बरीच जास्त असते. शेअर काही दिवसांत डीमॅटमध्ये येतात. १३८६ च्या हिशेबाने त्या दिवशी कागदावर ९,६०० रुपयांचा तोटा आहे. पण त्याला तोटा म्हणून घाबरायचं की ठरलेली खरेदी म्हणून स्वीकारायचं, हे पाच आठवड्यांपूर्वी तुम्ही १४०० हा आकडा कशावरून काढला होता यावर अवलंबून आहे. तो कंपनीच्या नफ्यावरून, रोकड प्रवाहावरून काढला असेल तर बहुधा काही बदललेलं नाही. तो 'प्रीमियम बरा मिळतोय' म्हणून काढला असेल तर तुमच्या हातात आता नको असलेला माल आहे.

या जागी पोचण्याआधीच बहुतेक जण रोल करतात: आताचं पुट परत घ्यायचं आणि पुढच्या महिन्याचं विकायचं. एक्सपायरीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी शेअर १३६२ असताना १४०० चं पुट ४४ ला परत घेतलं आणि पुढच्या महिन्याचं १३५० चं पुट ३८ ला विकलं असं समजा. आधीचे १४ मिळवून हाती ८ रुपये राहिले, आणि आता शेअर आलाच तर १३४२ ला पडेल. १३८६ पेक्षा १३४२ केव्हाही बरा. पण पुढच्या महिन्यात शेअर १४५० वर गेला तर? डिलिव्हरी घेणाऱ्याकडे प्रत्येक शेअरमागे ६४ रुपयांचा नफा आणि हातात शेअर. रोल करणाऱ्याकडे ८ रुपये आणि शेअर नाही. रोल ही असाइनमेंट टाळण्याची युक्ती म्हणून शिकवली जाते, पण तुमचा हेतू शेअर घेण्याचा असेल तर असाइनमेंट टाळायची कशासाठी? माझ्या मते रोलचं एकच चांगलं कारण आहे: कंपनीविषयीचं मत कायम आहे, पण तुम्ही काढलेला योग्य भाव नव्या माहितीने खरोखर खाली आला आहे. आणि तसं असलं तरी दोन अडचणी असू शकतात. शेवटच्या दिवसांत इन द मनी शेअर ऑप्शनमध्ये गिऱ्हाईक विरळ असतं. ४२ आणि ४९ असे दोन भाव समोर दिसतात आणि मधले सात रुपये तुमचे जातात, म्हणून बाजारभावाने ऑर्डर टाकायची नाही, मर्यादा घालून थांबायचं. दुसरी म्हणजे शेअर एफ अँड ओ बॅनमध्ये गेला असेल तर असलेली पोझिशन कमी करता येते, वाढवता येत नाही. पुट परत घेता येईल, पुढच्या महिन्याचं विकता येईलच असं नाही. रोलवर विसंबून राहिलेल्या योजनेचा तो शेवट.

कंपनीविषयीचं मतच मोडलं असेल तर मात्र डिलिव्हरी घेऊ नये, तोटा सोसून पुट परत घ्यावं. हे लिहायला सोपं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात येस बँक निफ्टी ५० मधली, जोमाने वाढणारी बँक होती आणि तिचा शेअर ४०० च्या आसपास होता. त्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या प्रमुखांची मुदत आखडती केली आणि २१ सप्टेंबरला एका दिवसात शेअर पाव भागाहून अधिक कोसळला. ऑप्शन असलेल्या शेअरना रोजचं ठरीव सर्किट नसतं, त्यामुळे अशा पडझडीला मधे पक्का थांबा नाही. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी व्यवहारादरम्यान शेअर एक आकडी झाला. त्या प्रवासात प्रत्येक महिन्याला कुणी ना कुणी 'आता स्वस्त आहे' म्हणून पुट विकत होतं, आणि वाढता प्रीमियम त्याला प्रोत्साहन देत होता. प्रीमियम फुगलेला दिसला की बाजाराला काय माहीत आहे हे आधी शोधायचं; स्वस्त शेअरपेक्षा महाग पुट हीच पहिली खूण असते. आपल्या उदाहरणातल्या शेअरचं असं काही झालं आणि तो ११८० वर बंद झाला, तर १३८६ च्या खरेदीवर ८२,४०० रुपये गेले. ५,६०० रुपयांच्या प्रीमियमने वाचवलं ते तेवढंच, ५,६०० रुपये.

जीटीटी ऑर्डरशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट उघडी पडते, जी या विषयाच्या जाहिरातीत येत नाही. शेअर महिन्याच्या मध्यावर १३८० पर्यंत आला आणि एक्सपायरीला १४५० वर परतला असं धरा. जीटीटी लावणाऱ्याला १४०० ला शेअर मिळाला. त्याच्याकडे ४०० शेअरमागे २०,००० रुपयांचा नफा आहे. पुट विकणाऱ्याला शेअर मिळालाच नाही, कारण युरोपीय पद्धतीत मधला भाव मोजलाच जात नाही. त्याच्याकडे ५,६०० आहेत. शेअर खाली न येता सरळ १६५० वर गेला तर दोघांनाही शेअर नाही, आणि १५०० ला मुकाट्याने घेणारा ६०,००० रुपयांच्या नफ्यात आहे. म्हणजे ही वाट तुम्हाला शेअर हमखास मिळवून देत नाही. शेअर मुदतीच्या दिवशी खाली असेल तरच तो तुमचा, आणि खाली असण्याचं कारण बहुधा कुणालाच आवडलेलं नसतं.

तरीही जाणते लोक ही वाट धरतात. १९९३ मध्ये वॉरन बफे यांनी कोका-कोलाच्या ५० लाख शेअरवर ३५ डॉलर स्ट्राइकचे पुट प्रत्येकी दीड डॉलरला विकले. शेअर तेव्हा त्याच्या वर होता, मुदतीपर्यंत वरच राहिला, आणि ७५ लाख डॉलरचा प्रीमियम त्यांच्याकडे राहिला. त्यात त्यांची चतुराई शोधण्यापेक्षा एक साधी गोष्ट पाहावी: बर्कशायरकडे कोका-कोलाचे शेअर आधीपासून मोठ्या प्रमाणावर होते, आणखी घ्यायला ते तयार होते, आणि पैसे होते.

सिद्धांताच्या बाजूने पाहिलं तर पुट-कॉल समतेचा नियम, जो हान्स स्टॉल यांनी १९६९ मध्ये मांडला, एक गैरसमज दूर करतो. हातातल्या शेअरवर कॉल विकणं पुष्कळांना सुरक्षित वाटतं आणि पुट विकणं धोक्याचं. एकाच स्ट्राइकचे आणि एकाच मुदतीचे हे दोन सौदे, रोख पूर्ण राखलेली असेल तर, नफा-तोट्यात एकसारखेच असतात. एकाला भिऊन दुसरा करण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट प्रीमियमविषयी. ऑप्शनच्या भावात धरलेली चढउतार प्रत्यक्षात होणाऱ्या चढउतारापेक्षा सरासरीने जास्त असते, म्हणून विकणाऱ्याला कालांतराने काही उरतं, असं म्हणतात. पीटर कार आणि लिउरेन वू यांच्या २००९ च्या अभ्यासात अमेरिकी निर्देशांकांसाठी हे ठळकपणे दिसलं. सुट्या शेअरमध्ये मात्र चित्र शेअरगणिक बदलतं. प्रीमियम हा हक्काचा पगार आहे असं समजून या क्षेत्रात येणाऱ्या वाचकाने हा फरक मनात ठेवावा. आपण जे विकतो ते सुट्या शेअरचंच पुट असतं.

असाइनमेंटनंतरचं काम थोडं आहे, पण ते पहिल्या दिवशीच लिहून ठेवलेलं बरं. शेअर आले की ते इतर गुंतवणुकीसारखेच आहेत. बरेच जण लगेच त्यांच्यावर कॉल विकायला बसतात. त्यात गैर काही नाही, पण शेअर १२५० वर घसरलेला असताना १३०० चा कॉल विकला आणि तो उसळून १४०० वर गेला, तर १३८६ ला घेतलेला माल १३०० ला जातो, आणि कॉलचा प्रीमियम काही ८६ रुपये नसतो. आयकराच्या बाजूने प्रीमियमचं उत्पन्न व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं, त्यामुळे पगारदाराला साधा फॉर्म चालत नाही. पुढे शेअर विकल्यावरचा नफा वेगळा, भांडवली नफ्यात. १३८६ हा आकडा तुमच्या वहीतला आहे. करासाठी प्रीमियम आणि शेअर यांचे हिशेब वेगळे ठेवून सनदी लेखापालाला दाखवावेत.

पुढच्या प्रकरणांत स्ट्राइकची निवड, निकालांचा महिना आणि लॉट बदलल्यावर काय करायचं, यांचा तपशील येईल. शिरण्यापूर्वी वाचकाने आपली शिल्लक एकदा पाहावी. एका लॉटचा अर्थ पाच ते दहा लाख रुपये एका कंपनीत. तुमची शेअरमधली एकूण गुंतवणूक चाळीस-पन्नास लाखांची असेल तर एक लॉट पेलवतो. ती सात लाखांची असेल तर डिलिव्हरी आल्यावर जवळपास सगळं एका शेअरमध्ये जाईल, मग तो कितीही चांगला असो. अशा वाचकाला हे पुस्तक समजून घ्यायला उपयोगी पडेल, करायला नाही; त्याने १४०० ला चाळीस शेअरची जीटीटी लावावी आणि उरलेले पैसे मोकळे ठेवावेत.